वेतनपत्रक आणि घरासाठी कर्ज : स्थिर पगार व चल पगार यांची सावकाराच्या तराजूतील किंमत

आपल्या बऱ्हाणपुरातील कापडाच्या एका घाऊक पेढीवर बारा वर्षे नोकरीस असलेल्या एका विक्रेत्याने डिसेंबर महिन्यात घरासाठी कर्ज मागितले. त्याची शेवटची तीन वेतनपत्रके अनुक्रमे ३०, ३८ व ३६ हजार रुपयांची होती. ह्या तिन्हींची सरासरी काढून, निम्मी रक्कम हप्त्यास जाईल असे धरून, वीस वर्षांच्या मुदतीवर सुमारे २० लाख रुपये मिळतील, असा हिशेब त्याने स्वतःच कागदावर मांडला होता. कर्ज देणाऱ्या संस्थेने १० लाख ३७ हजारांचा आकडा सांगितला. तो बिचारा पेढीवर परत आला आणि शेठजींस म्हणाला, "शेठजी, बँकवाले आपल्या पेढीचा कागद खोटा मानतात." शेठजींनाही ते लागले. दोघांनी तो कागद आमच्याकडे आणला. आम्ही तो त्या संस्थेच्या अधिकाऱ्यांसमोर बसून ओळीओळीने समजून घेतला, तेव्हा असे दिसून आले की कागद कोणीही खोटा मानला नव्हता. केवळ त्यातील प्रत्येक ओळीचे मोल निरनिराळे धरले गेले होते. ही गोष्ट आपल्या सभासदांपैकी पुष्कळांस माहीत नाही, आणि वेतनपत्रक तर आपल्याच पेढीवर लिहिले जाते, म्हणून ती येथे विस्ताराने सांगावीशी वाटते.

वेतनपत्रक, ज्यास सर्वत्र 'सॅलरी स्लिप' म्हणतात, ते स्वतः पुरावा नव्हे. तो मालकाने केलेला एक दावा आहे, की अमुक इसमास अमुक महिन्यात अमुक बाबींखाली इतकी रक्कम दिली. आपण व्यापारी लोक उधारीवर माल देताना गिऱ्हाइकाने स्वतःविषयी काय सांगितले एवढ्यावर थांबत नाही, त्याच्या इतर देण्याघेण्याचा बाजारात तपास करतो. सावकारही तेच करतो. वेतनपत्रकावरील हाती पडलेली रक्कम त्याच महिन्यात कर्जदाराच्या बँकखात्यात जमा झाली आहे काय, हे तो प्रथम पाहतो. त्यानंतर तो वर्षाकाठचा कागद मागतो, म्हणजे मालकाने पगारातून आयकर कापला असल्यास त्याचे प्रमाणपत्र, जे आजवर 'फॉर्म १६' या नावाने ओळखले गेले. ज्याचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली आहे त्याचा कर कापलाच जात नाही, म्हणून असा कागदही त्याच्यापाशी नसतो. पेढीवरील बहुतेक नोकर ह्याच वर्गात मोडतात. अशा माणसाने कर शून्य असला तरी दोन वर्षे आयकर विवरणपत्र भरून ठेविले असेल तर तेच कागद त्याच्या वेतनपत्रकामागे उभे राहतात. ज्या आस्थापनेत भविष्य निर्वाह निधी लागू आहे, तेथील खात्याचा उतारा हा आणखी एक साक्षीदार होय. आपल्या लहान पेढ्यांत वीस माणसे नसतात, म्हणून तेथे तो सहसा नसतो, आणि मग बँकखात्याच्या उताऱ्यावरच सारा भार पडतो.

आता वेतनपत्रकाच्या पोटात शिरू. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, विशेष भत्ता अशा ज्या रकमा दरमहा ठरलेल्या आहेत आणि ज्या कामाच्या परिमाणावर अवलंबून नाहीत, त्यांस आपण स्थिर पगार म्हणू. ह्या रकमा सावकार बहुधा पूर्ण धरतो. कमिशन, विक्रीवरील उत्तेजन, जादा वेळेचा मोबदला आणि बोनस ह्या चल पगाराच्या रकमा होत. ह्यांची बारा महिन्यांची, क्वचित सहा महिन्यांची, सरासरी काढून त्या सरासरीचा निम्मा भाग धरण्याची चाल सामान्यतः आढळते. काही संस्था निम्म्याहून कमी धरतात. दोन वर्षे अखंड मिळत आलेल्या कमिशनाचा अधिक भाग धरणाऱ्याही काही आहेत. म्हणून एकीने नाकारलेला अर्ज दुसरीकडे मान्य होतो, ह्यात नवल नाही. पेट्रोल, टेलिफोन वगैरे खर्चाची भरपाई म्हणून दिलेली रक्कम मात्र बहुधा मोजतच नाहीत, कारण ती ज्या खर्चासाठी मिळाली त्यातच ती संपते.

चल रकमेची अशी काटछाट का होते? कर्ज वीस वर्षांचे आणि हप्ता दरमहा ठरलेल्या तारखेस. ह्यातच त्याचे उत्तर आहे. सावकाराला कर्जदाराच्या चांगल्या महिन्याचे कौतुक नाही. त्याच्या वाईट महिन्यात हप्ता निघेल काय, एवढेच त्यास पाहावयाचे असते. आपल्या गावच्या कापडबाजाराचे वर्ष सर्वांस ठाऊक आहेच. एप्रिल-मे हा लग्नसराईचा काळ, आषाढ-श्रावणात गाळ्यांवर माश्या मारीत बसावे लागते, पुढे दसरा-दिवाळीला रावेर-भुसावळकडचे आणि खंडव्याकडचे गिऱ्हाईक येऊन वर्षाची भरपाई होते. डिसेंबरात अर्ज करणाऱ्याच्या शेवटच्या तीन वेतनपत्रकांत नेमका दिवाळीचा बाजार सामावलेला असतो. त्या तीन महिन्यांवरून वीस वर्षांचा अंदाज बांधणे म्हणजे पुरात तापी पाहून तिच्या उन्हाळ्यातील पाण्याचे माप सांगण्यासारखे होय. अधिकाऱ्यासही हे कळते, म्हणून चल रक्कम दिसताच तो पूर्ण वर्षाचा उतारा मागतो.

स्थिर म्हटलेला पगारही सर्वत्र सारखा स्थिर धरला जात नाही, हे जाता जाता सांगणे आवश्यक आहे. तो देणारा कोण, हेही पाहिले जाते. आपल्याच जिल्ह्यातील नेपानगरचा कागद कारखाना २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला, आणि सरकारी उपक्रमातील पगार म्हणजे पक्का पगार अशी ह्या भागात अनेक वर्षे समजूत होती. त्या कारखान्यातील उत्पादन २०१६ पासून २०२२ पर्यंत बंद राहिले. पत्रकावर 'मूळ वेतन' हे शब्द छापले म्हणून मालकाची स्थिती अचल होत नाही. लहान पेढीच्या बाबतीत तर अधिकारी पेढी किती वर्षांची आहे, दुकानाची नोंदणी आणि जीएसटी क्रमांक आहे की नाही, याची चौकशी करतोच. कित्येकदा तो स्वतः दुकानावर येऊन गादीवर बसूनही जातो.

पॉवरलूमवर मीटरामागे मजुरी घेणारा विणकर ह्या तराजूच्या एका टोकाला उभा आहे. त्याची सर्व कमाई चल असते, ती आठवड्याच्या हप्त्याने बहुधा रोख मिळते, आणि वेतनपत्रक नावाची वस्तू त्याने पाहिलेली नसते. अशा कुटुंबांस कर्ज देणाऱ्या गृहवित्त संस्था आहेत. त्या घरी जाऊन खर्च-उत्पन्नाचा अंदाज घेतात, परंतु त्यांचे व्याज बँकेहून जास्त असते. तो विषय वेगळा आहे.

आता त्या विक्रेत्याच्या हिशेबाकडे येऊ. त्याचे वय ३६ वर्षे, म्हणून वीस वर्षांची मुदत मिळण्यास हरकत नव्हती. स्थिर पगार दरमहा २४,००० रुपये. कमिशनाची रक्कम दरमहा निराळी. डिसेंबरापासून पुढच्या नोव्हेंबरापर्यंतच्या बारा महिन्यांत ती अनुक्रमे ५, ४, ६, ६, ९, ११, ५, २, ४, ६, १४ आणि १२ हजार अशी होती. एकूण ८४,००० रुपये, म्हणजे महिन्यास सरासरी ७,००० रुपये. सावकाराने त्यातील निम्मे, म्हणजे ३,५०० रुपये धरले. त्याच्या दृष्टीने ह्या माणसाची मासिक कमाई २७,५०० रुपये ठरली. विक्रेत्याने स्वतः ती ३४,६६७ धरली होती. दोघांच्या आकड्यांतील सात हजारांचा फरक येथून निघाला. व्यवसायकराची किरकोळ कपात आम्ही सोयीसाठी सोडून दिली आहे.

ह्या २७,५०० रुपयांपैकी सर्व हप्ते मिळून किती रक्कम जावी, याची एक मर्यादा प्रत्येक संस्था ठरविते. साधारणपणे लहान कमाईत चाळीस ते पन्नास टक्के आणि मोठ्या कमाईत त्याहून काहीशी अधिक. येथे पन्नास टक्के धरल्याने १३,७५० रुपये आले. परंतु ही मर्यादा सर्व हप्त्यांची आहे, केवळ नव्या कर्जाची नव्हे. ह्या गृहस्थाच्या मोटरसायकलचा २,७५० रुपयांचा हप्ता चालू होता, तो वजा झाला. आणि त्यानंतर अशी एक कपात झाली की जिच्याकडे तो, शेठजी आणि प्रथम आम्हीही लक्ष दिले नव्हते.

वेतनपत्रकाच्या कपातीच्या रकान्यात 'उचल वसुली २,००० रुपये' अशी ओळ होती. बहिणीच्या लग्नासाठी त्याने पेढीकडून ४०,००० रुपयांची उचल घेतली होती आणि ती दरमहा पगारातून फिटत होती. आपल्याकडे उचलीला कोणी कर्ज म्हणत नाही. ती शेठ-नोकरांमधील घरोब्याची गोष्ट समजली जाते आणि तिला व्याजही नसते. तथापि परक्या माणसाच्या नजरेने पाहिल्यास ती दरमहा पगारातून सर्वांआधी निघणारी रक्कम आहे, म्हणून सावकाराने ती सरळ चालू कर्जाच्या हप्त्यांत मिळविली. आम्ही अधिकाऱ्यांस म्हटले, "साहेब, ही तर घरची उचल, शेठजी उद्या माफही करतील." ते हसून म्हणाले, "माफ केली की तसे पत्रकात दिसू द्या, आम्ही लगेच धरू." उत्तर न्याय्य होते. १३,७५० मधून हे दोन्ही हप्ते जाता नव्या कर्जासाठी केवळ ९,००० रुपये उरले.

साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या मुदतीत लाखामागे सुमारे ८६८ रुपये मासिक हप्ता पडतो. (दर बदलता असतो, म्हणून हा आकडा उदाहरणापुरताच समजावा.) नऊ हजारांस ८६८ ने भागले की १० लाख ३७ हजार येतात. संस्थेने सांगितलेला आकडा तो हाच. त्यात लबाडी नव्हती, तुच्छता नव्हती आणि आमच्या पेढीविषयी अविश्वासही नव्हता.

ह्या गृहस्थास गरज १५ लाखांची होती. घराची किंमत व नोंदणीचा खर्च यांतून स्वतःची शिल्लक वजा केल्यावर तितके कमी पडत होते. आता मार्ग काय? पहिला मार्ग त्याच्या स्वतःच्या हाती होता. उचलीपैकी १८,००० रुपये बाकी होते आणि मोटरसायकलचे चौदा हप्ते राहिले होते, ते मुदतीपूर्वी फेडण्यास सुमारे ३७,००० रुपये लागत होते. आपल्या शिलकीतून हे ५५,००० रुपये काढून त्याने दोन्ही देणी मिटविली. त्यामुळे गरज वाढून १५ लाख ५५ हजार झाली खरी, परंतु हप्त्याची संपूर्ण मर्यादा, म्हणजे १३,७५० रुपये, मोकळी झाली आणि त्यावर १५ लाख ८४ हजारांचे कर्ज बसू लागले. ५५,००० रुपये खर्चून साडेपाच लाखांची वाढ झाली! पगार एका रुपयानेही वाढलेला नव्हता. अशा प्रसंगी पुष्कळ लोक पगाराचा कागद मोठा कसा करता येईल याच्या मागे लागतात आणि लहान हप्त्यांकडे दुर्लक्ष करतात. त्यांच्या लक्षात येत नाही की हप्त्यातील प्रत्येक हजार रुपये म्हणजे कर्जातील सुमारे एक लाख पंधरा हजारांची रक्कम होय.

दुसरा मार्ग शेठजींच्या हाती होता. चल पगारापैकी काही भाग त्यांनी खरोखरच स्थिर केला तर? समजा, स्थिर पगार २८,००० रुपये झाला आणि कमिशन ठराविक विक्रीच्या वरच सुरू होऊन सरासरी ३,००० वर आले. नोकराची एकूण सरासरी कमाई पूर्वीइतकीच, म्हणजे ३१,००० रुपये राहते. परंतु सावकार २८,००० पूर्ण आणि ३,००० चे निम्मे धरून २९,५०० मोजील, आणि कर्जाची मर्यादा १७ लाखांच्या जवळ जाईल. येथे मात्र शेठजींनी विचार करूनच पाऊल टाकावे. आषाढातील मंदीतही त्यांस ते २८,००० द्यावे लागतील, म्हणजे जो धोका आजवर नोकर पत्करीत होता तो पेढीकडे येतो. सावकार स्थिर पगारास अधिक मान देतो त्याचे कारणही हेच की तेथे मंदीचा धोका मालकाने स्वतःवर घेतलेला असतो. अर्जाच्या आदल्या महिन्यात केलेला असा बदल मानला जात नाही, निदान सहा महिने तो खात्यात दिसावा लागतो. आमच्या ह्या प्रकरणात शेठजींनी तो केला नाही. पहिल्या मार्गानेच काम झाले.

त्याच पेढीतील दुसऱ्या एका विक्रेत्याची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. त्याचाही स्थिर पगार २४,००० आणि कमिशनही जवळपास तितकेच. परंतु तो आपले कमिशन दिवाळीला, चोपडापूजनानंतर, एकरकमी आणि रोख घेत आला. जुन्या पेढ्यांतील ही चाल आपल्या वडीलधाऱ्यांनी चांगल्या हेतूने पाडलेली आहे. नोकराच्या हाती वर्षातून एकदा मोठी रक्कम पडली की तिचे सोने होते, घर होते. परंतु सावकाराच्या लेखी ह्या कमिशनाची किंमत शून्य आहे, कारण ते कोणत्याही खात्यात नाही, आणि वहीतील नोंद ही देणाऱ्याची नोंद असल्याने घेणाऱ्याच्या मिळकतीचा पुरावा म्हणून ती पुरेशी होत नाही. ह्या माणसाची कमाई २४,००० च धरली गेली. तीच रक्कम दिवाळीला बँकेतून दिली असती तर निदान वार्षिक बोनसाप्रमाणे दोन वर्षांच्या सरासरीने तिचा काही भाग मोजला गेला असता. दरमहा दिली असती तर आणखी बरे. ज्या सभासदांची ही चाल असेल त्यांनी ती मोडावी असे आमचे म्हणणे नाही, मात्र रोख देण्याऐवजी खात्यात जमा करावी. एका दिवसात एका माणसास दहा हजारांहून अधिक रोख दिल्यास आयकरात तो खर्च पेढीस वजा मिळत नाही, हे आपल्या मुनीमांस ठाऊक असेलच. तेव्हा ह्यात पेढीचेही हितच आहे.

कधी कधी नोकर येऊन अजीजीने म्हणतो, "शेठजी, तीन महिन्यांचे पत्रक चाळीस हजारांचे लिहून द्या, कोण पाहतो!" दयेपोटी असे लिहून देणारे आमच्या पाहण्यात आहेत. पाहणारे पुष्कळ आहेत, हे त्यांनी जाणावे. पत्रकावर हाती पडलेली रक्कम ३९,८०० आणि खात्यात जमा ३०,०००, एवढ्यावरच बहुतेक प्रकरणे उघडकीस येतात. कोणी चतुर माणूस तितकी रक्कम खात्यात भरून ती दुसऱ्या दिवशी रोख परत काढून देतो. उताऱ्यात दरमहा एकाच पद्धतीने निघालेली ती रक्कम अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. वर्षारंभापासूनची एकत्रित बेरीज छापलेली असेल तर मागील पत्रकाची बेरीज आणि ह्या महिन्याची रक्कम मिळवून पाहतात. ती जुळली नाही की पत्रक नंतर बनविले हे स्पष्ट होते. बारा महिन्यांची पत्रके एकाच शाईची, एकाच सहीची, एकदम लिहिल्यासारखी दिसतात, हेही एक लक्षण. शेवटी पेढीवर दूरध्वनी येतो आणि विचारणारा शेठजींशी न बोलता मुनीमाशी बोलतो. खोटे पत्रक देणे हा दस्तऐवज बनावट करण्याचा व फसवणुकीचा गुन्हा आहे आणि तेथे सही आपली असते. कर्ज तर नाकारले जातेच, शिवाय पेढीचे नाव त्या संस्थेच्या वर्ज्य यादीत गेले की पुढे आपल्या इतर प्रामाणिक नोकरांचे अर्जही अडतात.

आता आपल्या स्वतःच्या घरांविषयी. पुष्कळ सभासद आपल्या मुलास पेढीवर पगारदार दाखवितात आणि त्याच्या नावे घर घेताना तेच वेतनपत्रक पुढे करतात. बाप मालक आणि मुलगा नोकर असे असता सावकार त्या कागदास परक्या मालकाच्या कागदाइतके वजन देत नाही. वडिलांस जरूर तेव्हा तो पगार वाढविता येतो आणि जरूर तेव्हा थांबविता येतो, हे तो जाणतो. म्हणून तो पेढीची दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे, ताळेबंद व जीएसटीचे भरणे मागतो आणि मुलास जवळजवळ व्यापारी म्हणूनच तोलतो. मुलगा खरोखर काम करीत असेल, पगार दरमहा खात्यात जात असेल आणि त्याचे विवरणपत्र भरले जात असेल तर अडचण येत नाही. फक्त तीन पत्रकांवर काम होईल ही अपेक्षा ठेवू नये.

भागीदारांची गोष्ट याहून निराळी आहे. भागीदारी पेढीतून भागीदारास मिळणारे वेतन आयकर कायद्यात पगार मानलेच जात नाही, ते धंद्याचे उत्पन्न समजले जाते. तेव्हा भागीदाराने स्वतःच्या पेढीचे वेतनपत्रक तयार करून आणले तर अधिकारी ते न वाचताच परत करील, आणि ते योग्यच होय. त्याने विवरणपत्र, भागीदारीचा करार आणि पेढीचे हिशेब घेऊन जावे. खाजगी कंपनी करून तीत संचालक झालेल्यांस कायद्याने पगार मिळतो खरा, परंतु कंपनीचे बहुतेक भाग घरातच असतील तर त्यांनाही बहुतेक संस्था व्यापारीच समजतात.

इंदूर-पुण्यास मोठ्या कंपन्यांत असलेल्या आपल्या मुलामुलींविषयी थोडे सांगतो. "बारा लाखांचे पॅकेज" असे लग्नाच्या बोलणीत अभिमानाने सांगितले जाते आणि आईवडील त्यास बाराने भागून महिन्याचे एक लाख समजतात. बारा लाखांपैकी पंधरा टक्के, म्हणजे १,८०,००० रुपये, वर्षअखेरच्या कामगिरीवर अवलंबून असतील, मूळ वेतन सहा लाख असेल, आणि त्यावर मालकाचा निर्वाह निधीचा ७२,००० रुपयांचा वाटा व उपदानाची सुमारे २९,००० रुपयांची तरतूदही त्याच बारा लाखांत मोजलेली असेल, तर दरमहाच्या वेतनपत्रकात कपातीपूर्वी सुमारे ७६,६०० रुपयेच दिसतील. सावकार तेच धरील. वर्षअखेरची चल रक्कम तो प्रत्यक्ष दोन वर्षे मिळाल्याचा पुरावा पाहिल्याखेरीज सहसा धरणार नाही. नव्या नोकरीतील पहिल्या वर्षाच्या मुलाने त्या १,८०,००० वर एक रुपयाचाही भरवसा ठेवून घराचा इसार देऊ नये. आणि काही संस्था कपातीपूर्वीच्या रकमेवर हप्त्याची मर्यादा काढतात, काही हाती पडणाऱ्या रकमेवर. म्हणून दोन ठिकाणच्या टक्केवारीची तुलना करताना ती कशावर आहे हे आधी विचारून घ्यावे.

पत्नी शाळेत शिक्षिका असेल आणि तिचा स्थिर पगार असेल तर तिला सहकर्जदार केल्याने दोघांची कमाई एकत्र धरली जाते. आमच्या विक्रेत्याच्या घरी तशी सोय नव्हती.

त्याचा अर्ज फेब्रुवारीत पुन्हा गेला. ह्या वेळी तीन पत्रकांऐवजी बारा महिन्यांची पत्रके होती, त्यांतील प्रत्येक रक्कम खात्याच्या उताऱ्यातील जमेशी रुपयारुपयाने जुळत होती आणि शेवटच्या पत्रकात उचल वसुलीची ओळ नव्हती. मोटरसायकलचे कर्ज मिटल्याचा दाखला आणि दोन वर्षांची शून्य कराची विवरणपत्रे सोबत जोडली होती. चौथ्या दिवशी पेढीवर दूरध्वनी आला. मुनीमजींनी चोपडी उघडून ऑक्टोबर महिन्याचा आकडा वाचून दाखविला : पगार २४,०००, कमिशन १४,०००, उचल वजा २,०००, दिले ३६,०००. पलीकडून "ठीक है" एवढेच उत्तर आले. पंधरवड्याने १५ लाख ५५ हजारांची मंजुरी झाली.